चालता चालता कॉल का गोठतो? चार निरोपांची गोष्ट

मोबाईलवर व्हिडिओ कॉल सुरू ठेवून मी डेस्कवरून मीटिंग रूमकडे निघायचो आणि कॉरिडॉरच्या एकाच वळणावर माझा चेहरा गोठायचा. एकदा तर क्लायंटला किंमत सांगतानाच. तीन सेकंदांनी परत आलो, पण आकडा त्यांनी ऐकलाच नव्हता. गंमत म्हणजे वाय-फायच्या दांड्या फुल्ल!

त्या वळणावर फोन एक ॲक्सेस पॉइंट सोडून दुसरा पकडत होता. हे का अडतं, ते समजायला थोडं मागे जाऊ.

वाय-फायचं पहिलं मानक 1997 चं. त्यात जागा बदलायला चार निरोप पुरत: ओळख देतो, दिली; जोडून घे, घेतलं. पण त्यातलं डब्ल्यूईपी हे कुलूप फारच कच्चं निघालं. 2001 मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी त्यातली खोट दाखवली.

मग 2004 मध्ये 802.11i आलं. कुलूप पक्कं झालं, पण चालणाऱ्या माणसाची पंचाईत झाली. मोठ्या ऑफिसात प्रत्येकाचं वेगळं लॉगिन असतं. नव्या ॲक्सेस पॉइंटवर गेलं की आधीचे चार निरोप, मग रेडियस सर्व्हरशी लांबलचक ओळखपरेड, आणि शेवटी किल्ली ठरवायला आणखी चार निरोप. तोवर कॉलचा डेटा बंद!

आमच्या आयटीतल्या ताईंनी लॉग उघडला, तर प्रत्येक बदलाला अख्खी ओळखपरेड होत होती. सर्व्हर दुसऱ्या शहरात, त्यामुळे प्रत्येक फेरीला उशीर.

यावरचा तोडगा 2008 मध्येच आला होता, 802.11r. पहिल्या लॉगिनलाच एक मूळ किल्ली बनते. तिच्यापासून गटातल्या प्रत्येक ॲक्सेस पॉइंटसाठी वेगळी किल्ली काढता येते, म्हणून सर्व्हरला पुन्हा विचारावं लागत नाही. उरलेली किल्लीची देवाणघेवाण त्या जुन्या चार निरोपांतच बसवली. म्हणजे कुलूप पक्कं, आणि निरोप पुन्हा चारच!

ताईंनी सगळे ॲक्सेस पॉइंट एकाच मोबिलिटी डोमेनमध्ये घेऊन ही सोय चालू केली. वळणावरचा खंड जाणवेनासा झाला. एक जुना स्कॅनर मात्र वाय-फायला जोडलाच जाईना. त्याला हा नवा प्रकार कळत नव्हता. त्याच्यासाठी वेगळं नेटवर्क काढावं लागलं.

अजून एक मर्यादा आहे. कधी हलायचं, हे फोन ठरवतो. आयफोन साधारण -70 dBm च्या खाली सिग्नल गेल्यावर नवी जागा शोधतो. काही फोन जुन्यालाच चिकटून बसतात, तिथे 802.11r काही करू शकत नाही.

म्हणून कॉल गोठला की आधी बघा: नेहमी एकाच जागी गोठतो का, आणि दांड्या फुल्ल असताना? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल, तर आयटीला 802.11r बद्दल जरूर विचारा. भेटू पुढच्या भागात!