री-एनकोडिंगशिवाय रेकॉर्डिंग कापणे

ध्वनी वा चित्रफितीतला नको असलेला भाग काढताना, किंवा एका फाइलचे तुकडे करताना, आतला संकुचित डेटा न उलगडता जसाच्या तसा नव्या फाइलीत उतरवण्याची पद्धत. एडिटिंगचे नेहमीचे सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र उलगडते आणि पुन्हा संकुचित करते. त्यात वेळ जातो आणि दर फेरीला दर्जा थोडा उतरतो. या पद्धतीत ती फेरीच होत नाही. काम केवळ डेटा वाचून लिहिण्याचे असल्याने वेग डिस्कच्या वेगावर ठरतो. दोन तासांचे, साडेतीन जीबीचे भाषण चांगल्या एसएसडीवर काही सेकंदांत कापून होते. नवी फाइल वेगळी तयार होते, म्हणून तेवढी जागा मात्र मोकळी हवी.

यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे फाब्रिस बेलार यांनी 2000 साली सुरू केलेले एफएफएमपेग. ज्यांना आज्ञा टाइप करायच्या नसतील त्यांच्यासाठी लॉसलेसकट हे मोफत सॉफ्टवेअर आहे. तेही आतून एफएफएमपेगच चालवते.

खरी अडचण कापायच्या जागेची असते. एच.264 सारख्या पद्धतीत प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्र साठवत नाही. काही सेकंदांनी एक पूर्ण चित्र येते, त्याला की-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये मुख्यतः शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढेच असते. की-फ्रेम सोडून मधूनच सुरुवात केली, तर त्या फ्रेमना आधार देणारे चित्रच उरत नाही. म्हणून तुकड्याचा आरंभ की-फ्रेमवरच हवा. शेवटाला ही सक्ती नाही, कारण फ्रेमना लागणारा आधार बहुतांशी आधीच्या चित्रांचा असतो. एक्स264 या एनकोडरची मूळ सेटिंग ठेवली, तर दोन की-फ्रेममध्ये जास्तीत जास्त 250 फ्रेमचे अंतर असते. सेकंदाला 25 फ्रेम धरल्यास ते 10 सेकंद भरते. मोबाइलच्या चित्रीकरणात ते बहुधा सेकंदभराचेच असते, त्यामुळे तिथे अडचण जाणवत नाही.

समजा, व्याख्यानाच्या चित्रफितीत वक्ता 12 मिनिटे 7 सेकंदांवर बोलायला उभा राहतो आणि 1 तास 38 मिनिटे 40 सेकंदांवर थांबतो. आधी की-फ्रेमच्या वेळा पाहाव्यात:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -skip_frame nokey -show_entries frame=pts_time -of csv=p=0 bhashan.mp4
```

यादीत 722 आणि 732 हे सेकंद दिसले, म्हणजे 12:02 आणि 12:12. दुसरी वेळ घेतली तर वक्त्याची पहिली वाक्ये जातात, म्हणून पहिली घ्यावी. पाच सेकंदांची शांतता पुढे राहिली तरी बिघडत नाही.

```
ffmpeg -ss 00:12:02 -to 01:38:40 -i bhashan.mp4 -c copy -avoid_negative_ts make_zero vyakhyan.mp4
```

`-c copy` हा या आज्ञेचा गाभा आहे. तो राहून गेला तर सॉफ्टवेअर मुकाट्याने री-एनकोड करू लागते. काम मिनिटेच्या मिनिटे चालले की ते ओळखता येते.

इथे `-ss` ला 12:07 दिले आणि शेवटचा पर्याय गाळला, तर वेगळेच घडते. एफएफएमपेग मागच्या की-फ्रेमपासून डेटा उतरवते आणि एमपी4 फाइलीत ‘पहिले पाच सेकंद दाखवू नका’ अशी नोंद ठेवते. या नोंदीला एडिट लिस्ट म्हणतात. ती पाळणाऱ्या प्लेअरवर फाइल बरोबर 12:07 पासून सुरू होते. न पाळणाऱ्यावर मात्र ते पाच सेकंद दिसतात, किंवा चित्र गोठून आवाज पुढे जातो. एकाच फाइलीबद्दल दोघांची तक्रार वेगळी का, याचे उत्तर बहुतेकदा इथे सापडते. याहून गंभीर बाब अशी, की लपवलेले दृश्य फाइलीतून गेलेलेच नसते. कुणाचा फोन नंबर वा खासगी संभाषण काढून टाकण्यासाठी कापत असाल, तर या पद्धतीवर विसंबू नये. `-ignore_editlist 1` देऊन फाइल उघडली की लपलेला भाग समोर येतो. अशा वेळी कापण्याची जागा नकोशा भागानंतरच्या की-फ्रेमवर न्यावी, नाहीतर तेवढा तुकडा री-एनकोड करावा.

नुसत्या आवाजात की-फ्रेमचा प्रश्न नसल्याने काम सोपे होते. 44.1 किलोहर्ट्झच्या एमपी3 मध्ये एक फ्रेम 1152 नमुन्यांची, म्हणजे सुमारे 26 मिलिसेकंदांची असते. बोलण्यात एवढा फरक कानाला कळत नाही. मात्र एमपी3 ची फ्रेम आपला काही डेटा आधीच्या फ्रेममध्ये ठेवू शकते, त्यामुळे तुकड्याच्या अगदी सुरुवातीला क्षणभर आवाज गळू शकतो. म्हणून शब्दाला लागून न कापता श्वासाच्या विरामात कापावे.

आवाज वाढवणे, चित्रावर नाव टाकणे, हळूहळू अंधारत नेणे यांतले काहीही या पद्धतीने होत नाही, कारण त्यासाठी चित्र वा आवाज उलगडावाच लागतो. काही साधने फक्त आरंभापासून पुढच्या की-फ्रेमपर्यंतचा तुकडा री-एनकोड करतात आणि बाकी तसेच उतरवतात. नेमक्या फ्रेमवर कापायचेच असेल तर तो मधला मार्ग आहे, पण सांध्यावर चित्र अडखळते का, हे पाहूनच फाइल पुढे द्यावी.