चंडीगढचा ‘ढ’

चंडीगढ शहराची उभारणी १९५२ साली सुरू झाली. या नावातील शेवटचा ‘ढ’ मराठी वाचक लिपीबरहुकूम उच्चारू पाहतो. तेथील पंजाबी माणसाच्या मुखी मात्र त्यातील हकार लोपतो, केवळ ‘ड़’ उरतो, आणि आधीच्या ‘ग’मधील अकाराचा सूर वर चढतो. गुरुमुखी लेखनात हकार अजून टिकून आहे. जिभेवरून तो केव्हाच उतरला आहे.

हे कसे घडले, हे समजण्यासाठी ‘खोडा’, ‘गोडा’ आणि ‘घोडा’ हे तीन मराठी शब्द सावकाश उच्चारून पाहावेत. तिन्हींच्या आरंभी जीभ एकाच ठिकाणी टेकते. भेद आहे तो कंठात. ‘ख’च्या वेळी स्वरतंतू दूर असतात; जीभ सुटताच नुसता श्वास धावतो आणि तंतूंचा कंप मागाहून सुरू होतो. ‘ग’च्या वेळी तंतू जवळ येऊन आधीपासूनच कंप पावत असतात. ‘घ’मध्येही कंप आधीच चालू असतो, परंतु जीभ सुटण्याच्या सुमारास तंतू किंचित विलग होतात. कंप थांबत नाही आणि फटीतून श्वासही निसटतो. म्हणजे ‘ख’चा प्राण हा नादाआधीचा श्वास, तर ‘घ’चा प्राण हा नादात मिसळलेला श्वास. दोहोंना आपण ‘महाप्राण’ म्हणतो खरे, पण त्या एका नावाने हा भेद झाकला जातो. ऋक्प्रातिशाख्यकारांना तो ठाऊक होता: घोष महाप्राणांत श्वास आणि नाद दोन्ही असतात, असे त्यांनी सांगितले आहे.

१९६४ साली लिस्कर व अब्रॅमसन या संशोधकांनी मराठी व हिंदीसह अकरा भाषांतील स्फोट आणि कंपारंभ यांमधील अंतर मोजले. त्या मापाने क, ख आणि ग वेगळे पडले. ‘घ’ मात्र ‘ग’मध्येच मिसळला. साहजिकच होते. कालाचे माप कंप केव्हा सुरू झाला एवढेच सांगते. तो कोणत्या जातीचा आहे, हे सांगत नाही.

विलग, सैल तंतू मंद गतीने कंपतात, म्हणून ‘घ’नंतरच्या स्वराचा सूर थोडा खाली राहतो. मराठीत ही गोष्ट आनुषंगिक आहे, आपल्या कानाला ती जाणवतही नाही. पंजाबीत हकार गेला आणि ही सावलीच अर्थभेदाची वाहक बनली. शब्दारंभीचा घोषही तेथे गेला. ‘घोड़ा’ हा ‘कोड़ा’सारखा ऐकू येतो, पण खालच्या सुरात. समसुरातील ‘कोड़ा’ म्हणजे चाबूक. ‘कोढ़ा’ म्हणजे कुष्ठी. येथे हकार स्वरानंतर होता, म्हणून सूर वर चढतो आणि व्यंजनाचा घोष टिकतो. ग्रॅहम बेली यांनी १९१४ च्या आपल्या पुस्तकात पंजाबीतील हे सूर नोंदविले. चंडीगढच्या नावाला दुसराच नियम लागू पडतो. पंजाबीतील ‘ख’ मात्र जसाच्या तसा राहिला. त्याचा श्वास नादात मिसळलेला नव्हता.