वायुकोशाच्या भिंतीचे अस्तर : एका वादाचा इतिहास

फुफ्फुसातील वायुकोशाच्या भिंतीला हवेच्या बाजूने पेशींचे अखंड अस्तर आहे की नाही, हा प्रश्न ऊतकशास्त्रात शंभराहून अधिक वर्षे वादग्रस्त राहिला. श्वासनळीपासून तिच्या बारीक शाखांपर्यंत पेशींचे अस्तर स्पष्ट दिसते. शाखा जसजशा लहान होत जातात तसतशा त्या पेशीही ठेंगण्या होत जातात, आणि वायुकोशाच्या तोंडाशी येताच हे अस्तर दृष्टीआड होते. तेथे ते संपते की केवळ दिसेनासे होते, एवढाच वादाचा मुद्दा होता. एका पक्षाच्या मते केशवाहिन्या तेथे उघड्याच हवेला भिडलेल्या असतात. दुसऱ्या पक्षाच्या मते त्यांच्यावर अत्यंत पातळ असे आच्छादन असते. ह्या वादाचा निकाल १९५२-५३ मध्ये लागला. परंतु त्याचा मागोवा घेताना असे आढळते की, चुकलेल्या पक्षाने मांडलेली एक अडचण खरी होती आणि तिचा उलगडा त्यानंतरही जवळजवळ वीस वर्षांनी झाला.

मार्सेल्लो माल्पिगी याने १६६१ मध्ये बेडकाच्या फुफ्फुसाचे निरीक्षण करून दोन गोष्टी दाखवून दिल्या. फुफ्फुस हा मांसाचा गोळा नसून पातळ पडद्यांनी वेढलेल्या पोकळ्यांचा समूह आहे. आणि त्या पडद्यांतील रक्त मोकळे सांडत नसून सूक्ष्म वाहिन्यांच्या जाळ्यातून वाहते. हवा आणि रक्त ह्यांच्यामध्ये काहीतरी आड येते, एवढे तेव्हापासून निश्चित झाले. ते कशाचे बनले आहे हा प्रश्न मात्र पेशीसिद्धान्त प्रस्थापित झाल्यानंतर, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, विचारता येऊ लागला.

त्या काळी पातळ अस्तरांतील पेशींच्या सीमा दाखविण्याचे मुख्य साधन म्हणजे सिल्व्हर नायट्रेटचे विरल द्रावण होय. ऊतकावर ते सोडून ऊतक प्रकाशात ठेवले असता पेशींमधील सांध्यांवर चांदीचे काळे कण जमतात आणि फरशीच्या सांध्यांसारखी रेषाकृती दिसू लागते. ह्या पद्धतीने वायुकोशांतही रेषा दिसल्या. व्युर्त्सबुर्ग येथील आल्बर्ट कोलिकर याने १८८१ मध्ये मानवी फुफ्फुसाचे जे वर्णन केले त्यात दोन प्रकारचे घटक सांगितले आहेत : एक, केशवाहिन्यांच्या जाळीच्या घरांत बसलेल्या लहान, केंद्रकयुक्त पेशी, आणि दुसरे, केशवाहिन्यांवर पसरलेल्या मोठ्या, पातळ, परंतु केंद्रकरहित चकत्या.

विरोधी पक्षाने नेमके ह्या चकत्यांवर बोट ठेवले. ज्या तुकड्याला केंद्रक नाही त्याला पेशी म्हणता येत नाही. चांदीच्या रेषा पेशींच्या सीमाच दाखवितात असा निश्चय करावा, तर तशाच रेषा इतर पृष्ठभागांवरही कधी कधी उमटतात. आडव्या कापात पाहावे, तर चकतीचा मागमूस नाही. केवळ केशवाहिनी आणि तिच्या कडेला एखादे केंद्रक. ते केंद्रक केशवाहिनीच्या भिंतीचे, संयोजी ऊतकाचे की हवेच्या बाजूच्या अस्तराचे, हे सांगण्याचा मार्ग नव्हता. ह्या आक्षेपांत तर्कदोष नव्हता. दोष होता तो साधनात. साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखविता येत नाहीत. आणि वायुकोशाच्या भिंतीच्या पातळ भागात अस्तर, आधारपटल व केशवाहिनीची भिंत हे तिन्ही मिळून काही ठिकाणी जेमतेम तेवढेच भरतात. तीन थर एकाच रेषेत मिसळून जात. आणि ती रेषा केशवाहिनीचीच मानणे निरीक्षकाला स्वाभाविक वाटे.

उघड्या भिंतीच्या मताला शरीरक्रियाशास्त्राकडूनही अप्रत्यक्ष बळ मिळाले. क्रिस्टियान बोर ह्याचे मत असे की, फुफ्फुस ऑक्सिजन रक्तात ग्रंथीप्रमाणे स्रवते. स्राव म्हटला की स्रवणाऱ्या पेशी आल्याच. ऑगस्ट क्रोग व मारी क्रोग ह्यांनी १९१० मध्ये मापनांनिशी दाखविले की, वायूंची देवघेव केवळ विसरणाने होते. विसरणाला पेशीच्या कार्याची गरज नसते. तेथे महत्त्व असते ते पडद्याच्या क्षेत्रफळाला आणि जाडीला. मग मध्ये आणखी एक थर असावाच कशाला, ही शंका रास्त वाटू लागली.

निकाल लागला तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने. त्यासाठी केवळ यंत्र पुरेसे नव्हते. ऊतक ऑस्मियम टेट्रॉक्साइडमध्ये स्थिर करणे, ते मेणाऐवजी कठीण प्लॅस्टिकमध्ये बसविणे आणि मायक्रॉनच्या लहानशा अंशाएवढे पातळ काप घेणे, ह्या रीती १९५० च्या सुमारास हाती आल्या. फ्रँक लो ह्या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये उंदराच्या जातीतील रॅट ह्या प्राण्याचे, आणि १९५३ मध्ये इतर प्रयोगप्राण्यांचे व मनुष्याचे वायुकोश तपासले. प्रत्येक ठिकाणी केशवाहिनीच्या भिंतीबाहेर आधारपटल आणि त्याबाहेर, हवेच्या बाजूस, पेशीद्रव्याचा एक अखंड थर आढळला. त्या थराचा मागोवा घेत गेल्यास तो कोठेही तुटत नाही; जाळीच्या घरात पोहोचला की तो जाड होतो आणि तेथे त्याचे केंद्रक सापडते. भिंत उघडी नाही हे ह्याने सिद्ध झाले.

रक्त-वायु पटलाची रचना ह्यानंतर पुढीलप्रमाणे समजली गेली. केशवाहिनीची एक बाजू पातळ असते. तेथे अस्तरपेशीचे आणि केशवाहिनीच्या पेशीचे आधारपटल एकमेकांत विलीन होऊन एकच पटल बनलेले असते, व दोन्ही पेशींचे पातळ पापुद्रे त्याच्या दोन अंगांना चिकटलेले असतात. वायूंची देवघेव मुख्यतः येथे होते. दुसऱ्या बाजूला ही दोन पटले विलग असून त्यांच्यामध्ये तंतू आणि संयोजी ऊतकाच्या पेशी असतात. भिंतीला आधार देणे आणि द्रवाची ने-आण करणे ही कामे ह्या जाड बाजूची. मानवी फुफ्फुसात विसरणाच्या दृष्टीने पटलाची सरासरी जाडी सुमारे ०.६ मायक्रॉन भरते. तांबड्या रक्तपेशीचा व्यास सात ते आठ मायक्रॉन असतो, हे लक्षात घेतल्यास ह्या जाडीची कल्पना येईल.

तरीही कोलिकरच्या केंद्रकरहित चकत्यांचा प्रश्न शिल्लक होता. थर अखंड आहे हे मान्य केले, तरी चांदीच्या रेषांनी वेढलेल्या एखाद्या चकतीत केंद्रक का सापडू नये? एवाल्ट वाइबेल ह्याने १९७१ मध्ये ह्याचा उलगडा केला. पातळ अस्तरपेशी ही केवळ एका बाजूला पसरलेली चकती नसते. तिच्या पेशीद्रव्याचा देठ केशवाहिन्यांच्या जाळीतून भिंतीच्या पलीकडे जातो आणि शेजारच्या वायुकोशात पुन्हा चकतीसारखा पसरतो. केंद्रक एका बाजूस आणि चकत्या दोन्ही बाजूंस. केंद्रक नसलेल्या बाजूने पाहणाऱ्याला ती चकती स्वतंत्र व निर्जीव वाटणारच. कोलिकरचे निरीक्षण अचूक होते. विरोधकांचा आक्षेपही योग्य होता. दोघांनाही न दिसलेला भाग म्हणजे भिंतीतून जाणारा देठ होय.

ह्या पातळ पेशींना प्रथम प्रकारच्या आणि जाळीच्या कोपऱ्यांत बसणाऱ्या घनाकार पेशींना द्वितीय प्रकारच्या पेशी म्हणतात. मानवी फुफ्फुसात प्रथम प्रकारची एक पेशी सुमारे ५००० वर्ग मायक्रॉन पृष्ठभाग झाकते, तर द्वितीय प्रकारची सुमारे १८०. द्वितीय प्रकारच्या पेशी संख्येने जवळजवळ दुप्पट आहेत. तेव्हा एका पातळ पेशीमागे दोन घनाकार पेशी धरल्यास ५००० ला ३६० असे प्रमाण पडते. म्हणजे शंभरांतील सुमारे ९३ भाग पृष्ठ पातळ पेशींनी व्यापलेले, आणि संख्येने अधिक असूनही घनाकार पेशींच्या वाट्याला उरलेले सातच.

ह्या सात भागांचे महत्त्व वेगळ्याच वाटेने कळले. त्या पेशींत एकावर एक पापुद्रे रचल्यासारखे पिंड दिसतात. चार्ल्स मॅकलिन ह्याने १९५४ मध्ये अशी कल्पना मांडली की, ह्या कणयुक्त पेशी वायुकोशावर एक पातळ लेप सोडतात. पॅटल ह्याने १९५५ मध्ये फुफ्फुसातील फेसाचे बुडबुडे असाधारण टिकाऊ असतात हे दाखविले आणि क्लेमेंट्स ह्याने १९५७ मध्ये फुफ्फुसाच्या अर्काचा पृष्ठताण मोजला. मेरी एलन अ‍ॅव्हरी व जेरे मीड ह्यांनी १९५९ मध्ये श्वासावरोधाने दगावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या फुफ्फुसांत हा पृष्ठताण कमी करणारा पदार्थ अपुरा असल्याचे सिद्ध केले. येथेही रूपावरून चूक झाली : १९६२ मधील एका महत्त्वाच्या निबंधात ते पापुद्र्यांचे पिंड मायटोकॉन्ड्रियांचे रूपांतर मानले गेले. पदार्थाचे उगमस्थान ही पेशीच, हा निष्कर्ष मात्र बरोबर होता. पिंड हे साठवणीचे कोश असून पेशी त्यांतील द्रव्य बाहेर टाकते, हे पुढे निश्चित झाले.

दुसरे कार्य दुखापतीच्या अभ्यासातून उघड झाले. रॅटला नायट्रोजन डाय-ऑक्साइड वायूत ठेवले असता प्रथम पातळ पेशी मरतात. विभागणाऱ्या पेशीच्या केंद्रकात शिरणारे किरणोत्सर्गी थायमिडीन दिल्यास प्रारंभी अस्तरातील ही खूण जवळजवळ केवळ घनाकार पेशींत दिसते. दोन-तीन दिवसांनी पाहिल्यास तीच खूण पातळ पेशींत आढळते. पातळ पेशींनी ती स्वतः घेतली नव्हती. अर्थात खूण घेतलेल्या घनाकार पेशीच मधल्या काळात पसरून पातळ झाल्या. एव्हान्स व त्याचे सहकारी ह्यांनी १९७५ मध्ये हे मांडले, आणि १९७४ मध्ये अ‍ॅडमसन व बोडन ह्यांना ऑक्सिजनने जखमी झालेल्या उंदरांत तसेच आढळले होते. अलीकडे, २०१५ मध्ये, उंदरांत काही पातळ पेशी उलट दिशेनेही बदलू शकतात असे दिसून आले आहे; त्यामुळे हा मार्ग मुख्य असला तरी सर्वस्वी एकेरी मानता येत नाही.

रोगविज्ञानात ह्याचा परिणाम प्रत्यक्ष दिसतो. तीव्र इजेनंतर पातळ पेशी गळून पडल्या की आधारपटल उघडे पडते, रक्तातील प्रथिनयुक्त द्रव वायुकोशात शिरतो आणि उघड्या भागावर त्याचा काचेसारखा थर साचतो. काही दिवसांनी घेतलेल्या कापात भिंतीवर घनाकार पेशींची रांग दिसते. ती दुरुस्तीची खूण असते. परंतु त्या पेशी पातळ होईपर्यंत पटल जाडच राहते आणि विसरण मंदावलेले असते. उघड्या भिंतीची जी अवस्था ऊतकशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ निरोगी फुफ्फुसाची मानली होती, ती वस्तुतः ह्या रोगाची अवस्था होय.