पोक आलेल्या पाठीसाठी ढकलण्याचे व ओढण्याचे व्यायाम

दीर्घकाळ बैठे काम करणाऱ्यांचे खांदे अनेकदा पुढे झुकतात आणि पाठीचा वरचा भाग ताठर होतो. अशा व्यक्तींसाठी वजन ढकलण्याच्या व ओढण्याच्या व्यायामांची निवड खांद्याचा फरा किती मोकळा फिरतो, यावरून केली जाते. हात डोक्यावर नेण्याच्या सुमारे १८० अंशांच्या हालचालीपैकी जवळपास ६० अंश फऱ्याच्या फिरण्यातून येतात. पाठ वाकलेली राहिल्यास हे फिरणे अडते आणि ती उणीव कमरेच्या बाकाने भरून काढली जाते.

## चाचणी
भिंतीला पाठ टेकवून, टाचा वीतभर पुढे ठेवून उभे राहावे व सरळ हात वर न्यावेत. कंबर भिंतीपासून न सुटता अंगठे भिंतीला टेकत नसतील, तर उभ्याने वजन डोक्यावर ढकलणे तूर्त टाळावे.

## ढकलणे
बाकावर उताणे झोपून वजन ढकलताना फरे बाकाखाली दबून राहतात. हा व्यायाम अपायकारक नाही, परंतु फऱ्यांना हालचालीचा सराव त्यात मिळत नाही. जोर काढताना हात जमिनीवर व फरे मोकळे असतात. शेवटी जमीन आणखी दूर लोटल्यास ते बरगड्यांवरून पुढे सरकतात. तालमीतील पारंपरिक जोरात छाती वर उचलून पाठीला बाक दिला जातो. ताठर पाठीत हा बाक केवळ कमरेत येतो, म्हणून सुरुवातीस अंग सरळ ठेवून, हात टेबलावर टेकवून जोर काढावेत.

## ओढणे
तिरप्या बाकावर छाती टेकवून डंबेल्स ओढल्यास कमरेला झटका देता येत नाही. कोपर पाठीच्या फार मागे गेल्यास खांद्याचे टोक पुढे झुकते. ते दिसताच ओढ थांबवावी. वरून ओढायची दांडी छातीपुढे आणावी. मानेमागे आणल्यास ताठर पाठीची व्यक्ती डोके पुढे काढते.

## उदाहरण
पुण्यातील स्वारगेट परिसरात दिवसाचे आठ तास संगणकापुढे बसणाऱ्या एका कर्मचाऱ्याचे अंगठे चाचणीत भिंतीपासून वीतभर दूर राहतात, असे मानू. त्याने आठवड्यातून दोनदा टेबलावरचे जोर ८-८ च्या तीन फेऱ्यांत काढावेत आणि छाती टेकवून डंबेल्स १०-१० वेळा तीन फेऱ्यांत ओढावेत. प्रत्येक फेरीत कंबर न झुकता १२ जोर निघू लागल्यावर हात टेकण्याची उंची कमी करावी. सहा आठवड्यांनी चाचणी पुन्हा घ्यावी. अंगठे टेकू लागल्यास हलके वजन डोक्यावर ढकलण्यास प्रारंभ करता येतो.

## मर्यादा
या व्यायामांनी ताकद व हालचाल सुधारू शकते. मात्र बसण्या-उभे राहण्याची ढब त्यामुळे बदलतेच असे नाही. पोक असलेल्या प्रत्येकास वेदना होतात, असेही नाही. हाताला मुंग्या येत असल्यास, पकड कमजोर होत असल्यास किंवा रात्री वेदनेने झोप मोडत असल्यास व्यायाम थांबवून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.