भिंतीचा नवा रंग आधी फोटोत कसा पाहायचा? (जुना रंग भागून काढण्याची पद्धत)

पावसाळा संपला की आमच्या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात रंगाऱ्यांना मागणी येते. दिवाळीआधी घराला रंग काढून हवा असतो आणि शेड मात्र दुकानातल्या बोटभर चौकोनावरून ठरवावी लागते. फोटोत भिंत निवडून तिच्यावर नवा रंग चढवून बघता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण नेहमीच्या पद्धतीने केलं तर दिसणारा रंग चुकीचा असतो. तो का चुकतो आणि बरोबर कसा आणायचा, ते या लेखात पाहू.

मी यासाठी फोटोपी वापरतो. ते ब्राउझरमध्ये photopea.com वर फुकट चालतं आणि आपला फोटो आपल्याच कॉम्प्युटरवर राहतो. फोटोशॉप असेल तर त्यातही हेच पर्याय जवळपास याच नावांनी सापडतील.

नेहमीच्या पद्धतीत काय चुकतं?

उदाहरण माझ्या मामाच्या घराचं घेऊ. बदलापूर पूर्वेला वन बीएचके, हॉलची भिंत क्रीम रंगाची. मामीला एक भिंत विटकरी हवी होती आणि मामाला भीती होती की हॉल अंधारा दिसेल. हॉलला एकच खिडकी, तीही शेजारच्या बिल्डिंगकडे उघडणारी, त्यामुळे मामाची शंका अगदीच चुकीची नव्हती.

`Hue/Saturation` लेयर टाकून `Colorize` वर टिक केली की फक्त रंगाची छटा बदलते, भिंतीचा उजळपणा क्रीमचाच राहतो. त्यामुळे विटकरीऐवजी फिकट गुलाबी भिंत दिसते. यावर उपाय म्हणून बरेच जण विटकरी रंगाचा लेयर `Multiply` मोडमध्ये ठेवतात. त्यात सावल्या छान टिकतात, पण भिंत प्रत्यक्षात असेल त्यापेक्षा गडद दिसते.

याचं कारण सोपं आहे. फोटोत दिसणारी भिंत म्हणजे खोलीतला प्रकाश गुणिले जुना रंग. त्यावर नवा रंग गुणला की जुना रंगही हिशोबात राहतो, म्हणजे क्रीम काचेतून विटकरी भिंत पाहिल्यासारखं होतं. आपल्याला हवा असतो प्रकाश गुणिले नवा रंग. म्हणून आधी जुन्या रंगाने भागायचं आणि मग नव्याने गुणायचं.

फोटो काढताना

भिंतीवर मधोमध एक कोरा पांढरा ए४ कागद चिकटपट्टीने लावा. कागद पांढरा असल्यामुळे तिथला प्रकाश कसा आहे हे तोच सांगतो. मोबाइलच्या स्क्रीनवर कागदावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करा आणि थोडं कमी करा. कागदाचे तिन्ही आकडे २५५ च्या खाली राहिले पाहिजेत. कागद जळून पांढराफटक झाला तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

जुना रंग किती, ते काढा

फोटो उघडून आयड्रॉपरने कागदावर आणि त्याच्या शेजारच्या भिंतीवर क्लिक करा. रंगाच्या खिडकीत `R`, `G`, `B` असे तीन आकडे दिसतील. दोन-तीन जागी क्लिक करून मधला आकडा धरा. मामाच्या हॉलमध्ये कागद २३२, २२६, २१० होता आणि भिंत २०४, १९०, १६०. आता प्रत्येक आकड्यासाठी:

```
old = wall / paper * 255
R: 204 / 232 * 255 = 224
G: 190 / 226 * 255 = 214
B: 160 / 210 * 255 = 194
old = #E0D6C2
new = #BE6E55
```

शेवटची ओळ विटकरी शेडची, म्हणजे १९०, ११०, ८५. नव्या शेडचे आकडे मिळवण्याचा चांगला मार्ग म्हणजे दुकानातलं शेड कार्ड त्याच कागदाशेजारी धरून फोटो काढणं आणि `wall` च्या जागी कार्डाचे आकडे घालून हेच गणित करणं.

सिलेक्शन आणि दोन लेयर

१. `Quick Selection` ने भिंत निवडा. छताजवळची आणि कोपऱ्याची सरळ कड `Polygonal Lasso` ने नीट करा. स्विचबोर्ड, पडदा, घड्याळ सिलेक्शनमधून वगळा. मग `Select > Modify > Feather` मध्ये १ पिक्सेल द्या.

२. सिलेक्शन चालू असतानाच `Layer > New Fill Layer > Color Fill` घ्या, त्यात जुना रंग भरा आणि ब्लेंड मोड `Divide` करा. सिलेक्शनचा मास्क आपोआप लागतो. भिंत आता कागदासारखी पांढरी दिसली पाहिजे, पण सावल्या जागच्या जागी हव्यात.

३. `Ctrl+J` ने हाच लेयर डुप्लिकेट करा. वरच्या लेयरचा रंग नवा करा आणि मोड `Multiply`.

आता कागदाशेजारची भिंत १७३, ९७, ७० येते. नुसता `Multiply` केला असता तर १५२, ८२, ५३ आली असती. मामाला ज्या अंधाराची भीती होती, त्यातला काही भाग त्या जुन्या क्रीमचा होता. दुसरी शेड पाहायची तर फक्त वरच्या लेयरचा रंग बदला, बाकी कशाला हात लावायची गरज नाही.

बिघडलंय हे कसं ओळखायचं?

पडद्याच्या कडेला क्रीम रेघ दिसली तर सिलेक्शन कमी पडलंय. मास्कवर क्लिक करून पांढऱ्या ब्रशने भरा आणि तेच दुसऱ्या लेयरच्या मास्कवरही करा. ट्यूबलाइटजवळ सपाट ठिगळ दिसलं तर तिथे फोटो जळलाय, तो पुन्हा काढा. जुनी भिंत गडद निळी वगैरे असेल तर `Divide` नंतर ती दाणेदार आणि डागाळलेली दिसते. लहान आकड्याने भागल्यामुळे फोटोतला बारीक दोष मोठा होतो, तिथे ही पद्धत फारशी कामाची नाही.

ओलीचा डाग असेल तर तो नव्या रंगातही दिसेल. तो फोटोत पुसत बसू नका. आपल्याकडच्या पावसात ओल आधी थांबवली नाही, तर खऱ्या भिंतीवरही पोपडे तिथेच धरतील.

या फोटोवर किती विसंबायचं?

फोटो ज्या प्रकाशात काढला, त्याच प्रकाशापुरता हा अंदाज आहे. दिवसाच्या फोटोवरून रात्रीचा रंग कळत नाही, म्हणून ट्यूबलाइट लावून दुसरा फोटो काढा आणि सगळं पुन्हा करा. शिवाय खरी विटकरी भिंत छतावर आणि बाजूच्या भिंतीवर थोडी लाली टाकते, ती यात दिसत नाही.

मामा-मामीने दोन्ही फोटो पाहून खिडकीसमोरची भिंत विटकरी करायची ठरवली, कारण दिवसाचा प्रकाश थेट तिच्यावरच पडतो. तरी पूर्ण डबा घेण्याआधी त्यांनी सर्वांत लहान डबा आणून दोन फूट बाय दोन फुटाचा पट्टा मारून पाहिला. तुम्हीही तेवढं करा. दहा शेडमधून दोन निवडायला हा फोटो पुरेसा आहे, पण त्या दोनातली एक भिंतीवरच ठरवावी लागते.