तौहीदचे तीन भाग: भांडण आकड्याचं नव्हतंच

आजचा प्रश्न असा: देव एकच, मग त्याच्या एकपणाचे तीन भाग कुठून आले?

इस्लाममध्ये देवाच्या एकत्वाला तौहीद म्हणतात. सौदी अरबस्तानातल्या शालेय पुस्तकांत त्याचे तीन भाग शिकवले जातात. पहिला रुबूबिय्या, म्हणजे निर्माता आणि पालनकर्ता एकच. दुसरा उलूहिय्या, म्हणजे उपासना फक्त त्याचीच. तिसरा त्याची नावं आणि गुण यांचा.

ही यादी कुराणात अशी सलग कुठेही नाही. समर्थक म्हणतात, अरबी व्याकरणकारांनी जसे शब्दांचे नाम, क्रियापद आणि अव्यय असे प्रकार पाडले, तशीच ही आयतींवरून केलेली मांडणी आहे. 997 मध्ये वारलेल्या इब्न बत्ता या हंबली विद्वानाच्या लेखनातही ती दिसते, असा त्यांचा दाखला.

पण या विभागणीला खरी धार आली ती दमास्कसच्या इब्न तैमिय्यामुळे (मृत्यू 1328). त्याचा मुद्दा बघा. मक्केचे मूर्तिपूजकसुद्धा आकाश आणि पृथ्वी अल्लाहनेच निर्माण केली असं मानत होते, हे कुराणच सांगतं. तरी ते मूर्तिपूजकच ठरले. म्हणजे निर्माता एक मानणं पुरेसं नाही, उपासनाही एकाचीच हवी.

18व्या शतकात नज्दमध्ये मुहम्मद इब्न अब्दुल वह्हाबने हाच तर्क मुसलमानांना लावला. कलमा म्हणणारा माणूस एखाद्या वलीच्या कबरीपाशी त्या वलीकडेच मदत मागत असेल, तर तोही मक्केच्या त्या लोकांसारखाच, असं तो म्हणाला. 1744 च्या सुमारास सौद घराण्याशी त्याचा करार झाला आणि वाद पुस्तकातून रणांगणावर गेला. आता प्रश्न मुसलमान कोण आणि कोणाविरुद्ध लढणं रास्त, असा झाला.

विरोधकांचं उत्तरही तगडं होतं. 1930च्या दशकात अल-अझहरचे युसुफ अद-दिज्वी यांनी ही विभागणी नाकारली. विरोधकांचं म्हणणं असं, की पालनकर्ता आणि उपास्य वेगळे करताच येत नाहीत. कुराणात आत्म्यांकडून वचन घेताना प्रश्न फक्त ‘मी तुमचा रब नाही का?’ या अर्थाचा आहे. रब मानणं अपुरं असतं, तर तेवढंच का विचारलं? शिवाय मक्केचे लोक मूर्तींमध्ये नफा-नुकसान करण्याची ताकद मानत होते, म्हणजे त्यांचं रुबूबिय्याही शुद्ध नव्हतं. वलीकडे मदत मागणारा मुसलमान ती ताकद अल्लाहचीच मानतो, आणि फरक नेमका इथे आहे.

आता गंमत बघा. अशअरी विद्वानही तौहीदचे तीनच भाग करत: देवाचं मूळ स्वरूप, गुण आणि कृती, या तिन्हींत तो एकमेव. पण त्या यादीत ‘उपासना’ हा वेगळा कप्पा नव्हता. एकदा तो कप्पा वेगळा काढला, की पहिल्यात पास आणि दुसऱ्यात नापास असा मुसलमान शक्य होतो. सगळा वाद त्या एका शक्यतेवर आहे.