सगळाच क्लू, सगळंच उत्तर

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना एक सुभाषित हमखास आठवतं. त्यात विचारलेलं असतं, की असा कोणता बलवान आहे ज्याला थंडी बाधत नाही? मुलं भीम, हनुमान अशी नावं घेऊ लागतात. उत्तर मात्र प्रश्नातच बसलेलं असतं. ‘कं’ म्हणजे कोणाला आणि ‘बलवंतं’ म्हणजे बलवानाला. या दोन शब्दांमधली फट मिटवली की ‘कंबलवंतं’ असा एकच शब्द होतो, म्हणजे ज्याच्या अंगावर कांबळं आहे त्याला. प्रश्नाची अक्षरं तीच राहतात, पण वाक्य प्रश्नाचं उत्तर होऊन जातं. ज्याचं उत्तर श्लोकाच्या पोटातच असतं अशा कोड्याला संस्कृत पंडित अंतर्लापिका म्हणत. उत्तर बाहेरून आणावं लागलं तर ती बहिर्लापिका.

इंग्रजी गूढ शब्दकोड्यांत सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मानाचा जो क्लू असतो, तो या अंतर्लापिकेचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल. दूरचा अशासाठी, की दोघांचं कूळ वेगळं आहे. एकातून दुसरं निघालेलं नाही.

शब्दकोडं जन्मलं ते 21 डिसेंबर 1913 रोजी, ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात, आर्थर विन याच्या हातून. त्यातले क्लू सरळ होते, अर्थ द्यायचा आणि शब्द ओळखायचा. वळण आलं ते इंग्लंडमध्ये. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये 1926 पासून एडवर्ड पोविस मॅदर्स ‘टॉर्केमाडा’ या नावानं कोडी रचू लागला आणि सोडवणाऱ्याला चकवणं हाच खेळ झाला. हळूहळू या क्लूचा एक साचा ठरला. क्लूच्या एका टोकाला उत्तराचा अर्थ येतो आणि उरलेल्या भागात अक्षरांची कारागिरी असते. ही कारागिरी म्हणजे अक्षरं ढवळणं, उलटणं, लपवणं किंवा जोडणं. सोडवणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे या दोन भागांमधला सांधा शोधणं.

एखाद्या क्लूला मात्र सांधाच नसतो. ‘स्पॉइल व्होट!’ हे त्याचं प्रसिद्ध आणि सगळ्यात आटोपशीर उदाहरण. ‘व्होट’ची व्ही, ओ, टी, ई ही चार अक्षरं ‘बिघडवली’ की व्ही, ई, टी, ओ असा ‘व्हेटो’ मिळतो. आणि व्हेटो, म्हणजे नकाराधिकार, करतो तरी काय? झालेलं मतदान बिघडवतो. पूर्ण क्लू ही कारागिरी आहे आणि तोच पूर्ण क्लू हा अर्थही आहे. दोन्हींपैकी एकालाही वेगळा शब्द खर्च झालेला नाही.

मॅदर्स 1939 मध्ये वारला. त्याच्या जागी आलेला डेरिक मॅकनट हा ग्रीक-लॅटिन शिकवणारा शिक्षक होता आणि ‘झिमेनेस’ या नावानं कोडी रचायचा. व्याकरणाच्या तासाची शिस्त त्यानं कोड्यांना लावली. सांधा नसलेल्या क्लूचं ‘अँड लिट’ हे नाव त्याच्यामुळेच रूढ झालं. कारागिरीतून उत्तर मिळतं आणि ते शब्दशः खरंही असतं, एवढाच त्याचा आशय. 1966 मध्ये त्यानं शब्दकोड्याच्या कलेवर पुस्तक लिहिलं. त्याआधी 1949 मध्ये ए. एफ. रिची या धर्मगुरू मुख्याध्यापकानं आपल्या कोड्यांच्या पुस्तकात याच शिस्तीचा पाया घातला होता. रचणाऱ्यानं दिशाभूल खुशाल करावी, पण शब्द नीट वाचले तर त्यांतून त्याला म्हणायचं तेच निघालं पाहिजे, हा त्याचा आग्रह. त्याचं टोपणनाव ‘आफ्रिट’, म्हणजे अरबी कथांतला दैत्य. ए. एफ. रिची हे नाव इंग्रजीत लिहिलं की सुरुवातीच्या पाच अक्षरांतच हा दैत्य दडलेला सापडतो.

मराठीत असा क्लू रचायला बसलं की इंग्रजीची सगळ्यात लाडकी युक्ती, अक्षरं ढवळण्याची, लंगडी पडते. रोमन लिपीत स्वर सुटा असतो, हवा तिथे हलवता येतो. आपल्या चौकटीत अख्खं अक्षर बसतं, मात्रेसकट. ‘नवरा’ ढवळून ‘वानर’ होतो असं कानाला वाटेल, पण काना ‘र’वरून उचलून ‘व’ला दिल्याखेरीज ते जमत नाही, आणि चौकटीच्या नियमात ही चोरीच. उलटणं आणि लपवणं मात्र देवनागरीला छान मानवतं. पाथरीच्या, म्हणजे तेव्हाच्या पार्थपूरच्या, सूर्यपंडितानं सोळाव्या शतकात ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचलं. ते सरळ वाचलं की रामाची कथा लागते, उलट वाचलं की कृष्णाची. ते उलटणं अक्षराअक्षरानं आहे, आणि मात्रा आपल्या अक्षराला धरून राहते.

त्याच रीतीनं देवगडसाठी एक क्लू रचून पाहता येतो. पहिला मोह गावाच्या नावाचा होतो: ‘शंकर आणि किल्ला शेजारी!’ शंकर म्हणजे देव, किल्ला म्हणजे गड, आणि या तालुक्यात कुणकेश्वरही आहे नि समुद्रकाठचा किल्लाही. क्लू दिसायला पुरा आहे, पण फसलेला आहे. ‘देवगड’ हा शब्द मुळातच देव आणि गड यांचा बनलेला. त्याचे तेच दोन तुकडे परत हातात देण्यात कारागिरी कसली? मूळ अर्थाशी नातं नसलेल्या ठिकाणी शब्द फुटला पाहिजे.

म्हणून बंदराकडे वळावं लागतं. देवगडचं बंदर आडोशाचं आहे. समुद्र खवळला की परराज्यांतल्या नौकाही इथे आसऱ्याला येतात. जे पोचत नाही, त्याच्यावर हा क्लू:

‘वादळात बल गमावून उलटलेल्यांतलं!’ (चार अक्षरं)

पहिले तीन शब्द फटी न पाहता अक्षरं मोजत वाचावेत: वा, द, ळा, त, ब, ल, ग, मा, वू, न. हे तिन्ही शब्द उलटायचे आणि ‘उलटलेल्यांतलं’, म्हणजे त्यांच्या आतलं, घ्यायचं. न, वू, मा यांच्यानंतर लागोपाठ येतं ग, ल, ब, त. गलबत. सरळ वाचलं तरी बोलणं गलबताचंच आहे. नपुंसकलिंगी शेवट होडी आणि मचवा यांना बाहेर ठेवतो, चार चौकटी जहाज आणि तारू यांना.

अशा क्लूची परीक्षा एकेक शब्द काढून घ्यायची असते. ‘वादळात’ काढला तर ‘त’ जातो, ‘बल’ काढला तर मधली दोन अक्षरं जातात, ‘गमावून’ काढला तर ‘ग’. शेवटचा शब्द उलटण्याचा हुकूम देतो आणि आत शोधायलाही सांगतो. सुरुवातीला ‘भर वादळात’ लिहिलं असतं तर वाक्य बोलीला जास्त जवळ गेलं असतं, पण ‘भर’ उत्तराला एकही अक्षर देत नाही, म्हणून तो गाळावाच लागतो.

दोन उणिवा मात्र राहतात. प्रत्येक गलबत उलटत नाही, त्यामुळे अर्थ गलबताचा असला तरी व्याख्या म्हणून सैल आहे. काटेकोर रचणारे एवढी सूट उद्गारचिन्हाच्या भरवशावर देतात. दुसरी उणीव जास्त बोचते. किनाऱ्यावर कुणी ‘बल गमावून’ म्हणत नाही, ‘बळ’ म्हणतात. इथे ‘ळ’ ठेवला तर गलबत चौकटीत फुटतं, आणि ‘ल’ ठेवला तर सराईत डोळ्याला तिथे टाका दिसतो आणि तो उलटं वाचायला नेमका तिथूनच सुरुवात करतो.